आठवड्याला १४ युनिट म्हणजे नेमके किती?

ब्रिटनच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी २०१६ साली मद्यपानाविषयी नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. जी प्रौढ व्यक्ती नियमित पिते, तिने धोका कमी ठेवायचा असेल तर आठवड्याला १४ युनिटांच्या वर जाऊ नये, असे त्यांत म्हटले आहे. १९९५ पासून तिथे दिवसाचा हिशेब सांगितला जात होता: पुरुषांसाठी ३ ते ४ युनिट आणि स्त्रियांसाठी २ ते ३. नव्या सूचनांनी दिवसाऐवजी आठवडा धरला आणि स्त्री-पुरुषांना एकच आकडा दिला. १४ हा आकडा पुढे जगभर पोचला. पण तो ज्या मोजमापावर उभा आहे, ते मोजमाप बहुतेकदा मागेच राहिले, आणि त्याशिवाय हा आकडा निरुपयोगी आहे.

ब्रिटिश युनिट म्हणजे १० मिलिलिटर, वजनात सुमारे ८ ग्रॅम, शुद्ध अल्कोहोल. ग्लास, बाटली किंवा पेग यांच्याशी त्याचा थेट संबंध नाही. पेय किती मिलिलिटर आहे आणि लेबलवर अल्कोहोलचे प्रमाण किती टक्के छापले आहे, या दोन आकड्यांचा गुणाकार करून १००० ने भागले की युनिट निघतात. भारतात व्हिस्की, रम, ब्रँडी यांच्या बाटल्यांवर सहसा ४२.८ टक्के असे लिहिलेले असते. ६० मिलिलिटरच्या लार्ज पेगमध्ये त्या हिशेबाने जवळपास २.६ युनिट येतात. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली ५.२ युनिटांची होते, म्हणजे दोन लार्ज पेगांच्या बरोबरीची. बिअर म्हणजे हलके काहीतरी, हा समज इथेच गळून पडतो. व्हिस्कीची क्वार्टर, म्हणजे १८० मिलिलिटर, ७.७ युनिटांची भरते. आठवड्याची सगळी मर्यादा व्हिस्कीत मोजली तर ती सुमारे ३२७ मिलिलिटर होते. पूर्ण आठवड्यासाठी साडेपाच लार्ज पेगही त्यात बसत नाहीत.

एक उदाहरण घेऊ. पंचेचाळिशीतला एक गृहस्थ बुधवारी एक लार्ज पेग घेतो, शनिवारी मित्रांबरोबर तीन, आणि रविवारी दुपारी स्ट्राँग बिअरची एक बाटली. विचारले तर तो म्हणेल, आठवड्यात चार पेग आणि एक बिअर, फार नाही. बुधवारचे २.६, शनिवारचे ७.७ आणि रविवारचे ५.२ मिळून साडेपंधरा युनिट होतात. मर्यादा थोडीशी ओलांडली गेली आहे. मात्र हा हिशेब पेग मापाने ओतला असेल तरच खरा. घरी दारू माप न लावता थेट ग्लासात ओतली जाते आणि हात सहसा सैलच असतो. पेग प्रत्यक्षात ७५ मिलिलिटरचा निघाला तर त्यात ३.२ युनिट असतात, आणि त्याच आठवड्याची बेरीज १८ वर जाते. ज्याला आपले खरे पिणे कळून घ्यायचे आहे, त्याने नेहमीच्या ग्लासात नेहमीसारखेच पाणी ओतावे आणि ते औषधाच्या मापाने मोजून पाहावे.

देश बदलला की मोजमापही बदलते, आणि इथे मोठी गल्लत होते. अमेरिकेत एका प्रमाणित ड्रिंकमध्ये १४ ग्रॅम अल्कोहोल धरतात, ऑस्ट्रेलियात १० ग्रॅम. २०२० मध्ये अमेरिकी सूचनांनी पुरुषांना दिवसाला दोन ड्रिंकांपर्यंतची मर्यादा सांगितली. रोजच्या मर्यादेपर्यंत पिणाऱ्याचे आठवड्याचे १४ ड्रिंक होतात आणि त्यांत १९६ ग्रॅम अल्कोहोल असते. ब्रिटनच्या १४ युनिटांत ते ११२ ग्रॅमच असते. लंडनहून न्यूयॉर्कला गेलेल्या माणसाने तोच १४ चा आकडा डोक्यात ठेवला, तर त्याचे पिणे पाऊणपट वाढलेले असेल. म्हणून कुठलीही मर्यादा वाचताना ती आधी ग्रॅममध्ये आणावी.

आता १४ च का, हा प्रश्न. या पातळीवर आयुष्यभर नियमित पिणाऱ्यांपैकी मद्यामुळे मृत्यू येण्याचा धोका साधारण शंभरात एकाला असतो, असा त्यामागचा अंदाज आहे. हा धोका समाजाने मान्य करण्याजोगा आहे, असे तज्ज्ञांनी ठरवले. म्हणजे आकड्यात विज्ञान आहे, तसा किती धोका चालेल याचा निवाडाही आहे. १३ व्या युनिटाला माणूस सुरक्षित आणि १५ व्याला आजारी, असे शरीरात काही घडत नाही. तोंड, घसा, अन्ननलिका आणि स्तन यांच्या कर्करोगाचा धोका थोड्या पिण्यापासूनच वाढू लागतो, म्हणूनच या सूचनांनी ‘सुरक्षित’ हा शब्द टाळून ‘कमी धोक्याचे’ म्हटले. मर्यादेच्या वर स्त्रियांचा दीर्घकालीन धोका पुरुषांपेक्षा वेगाने चढतो. पुरुषांमध्ये अपघात आणि दुखापती जास्त. कमी पातळीवर दोन्हींची गोळाबेरीज जवळपास सारखी येते, म्हणून आकडा एक ठेवला गेला.

आठवड्याचा आकडा म्हणजे साठवून ठेवायची शिल्लक नव्हे. जो १४ युनिटांपर्यंत पितो, त्याने ती तीन किंवा अधिक दिवसांत विभागावीत, असे त्याच सूचनांत आहे. पाच दिवस कोरडे ठेवून शनिवार-रविवारी सगळे पिणाऱ्याची बेरीज मर्यादेत बसेल, पण पडणे, भांडणे, वाहनाचा अपघात, हृदयाचे ठोके बिघडणे हे धोके त्या दोन रात्रींत एकवटतात. यकृत साधारण तासाला एक युनिट या गतीने अल्कोहोल निकाली काढते, तेही प्रत्येकाचे सारखे नसते. वरच्या उदाहरणातल्या गृहस्थाने शनिवारी रात्री नऊला पिणे सुरू केले असेल, तर ते तीन पेग पहाटे पाचच्या सुमारास शरीराबाहेर पडतील. गाडी चालवण्याबाबत आठवड्याची मर्यादा काहीही सांगत नाही. भारतात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल आढळले की गुन्हा होतो, मग त्या आठवड्यातला तो पहिलाच पेग का असेना.

ही मर्यादा निरोगी प्रौढांसाठी आहे. गरोदर स्त्रीसाठी, आणि गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रीसाठीही, सूचना एकच आहे: मुळीच पिऊ नये. कावीळ ब किंवा क असलेले, यकृताला सूज असलेले, क्षयरोगाची किंवा झोपेची औषधे घेणारे, यांना १४ हा आकडा लागू नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारावे आणि पिण्याचे खरे प्रमाण सांगावे. जो आज पीत नाही त्याने या मर्यादेकडे पाहून सुरुवात करावी, असाही तिचा अर्थ नाही.

सर्वांत जपून राहायचे ते रोज भरपूर पिणाऱ्यांनी. सकाळी हात थरथरणे, घाम येणे, पहिला घोट घेतल्यावरच बरे वाटणे ही शरीराला सवय जडल्याची लक्षणे आहेत. अशा माणसाने मर्यादेत येण्यासाठी पिणे एकाएकी थांबवले, तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो आणि जीवही जाऊ शकतो. त्याचे प्रमाण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, गरज पडल्यास रुग्णालयात ठेवून आणि औषधे देऊन, टप्प्याटप्प्याने कमी करावे लागते.