पाच नंबरचा प्रवास

टीव्हीवर सामना सुरू होण्याआधी दोन्ही संघ एका हिरव्या चौकटीत मांडून दाखवतात आणि खाली आकडे झळकतात : ४-३-३, ४-२-३-१, ३-५-२. फुटबॉल नव्याने बघू लागलेला माणूस तिथेच बिचकतो. खरं तर हिशेब सोपा आहे. गोली या मोजणीत धरत नाहीत, म्हणून बेरीज नेहमी दहा येते. पहिला आकडा बचावातल्या खेळाडूंचा, शेवटचा आघाडीवाल्यांचा, मधला मधल्या फळीचा. मात्र हे आकडे पाठ करून फारसं काही हाती लागत नाही. ते बदलत का गेले, हे कळलं की सामना वेगळा दिसायला लागतो. त्यासाठी एकाच खेळाडूच्या मागे जायचं : पाच नंबरच्या.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधले संघ २-३-५ असे उभे राहत. मागे दोन फुलबॅक, मध्ये तीन हाफबॅक आणि पुढे चक्क पाच आघाडीवाले. पुढे जर्सीवर नंबर आले तेही याच मांडणीने. गोली १, फुलबॅक २ आणि ३, हाफबॅक ४, ५, ६ आणि आघाडीवाले ७ ते ११. पाच नंबरचा सेंटर हाफ मैदानाच्या बरोबर मध्ये असे. समोरच्याचा हल्ला तोडायचा, चेंडू पुढे पोचवायचा, जमलं तर स्वतःही पुढे जायचं. संघातला सगळ्यात कामाचा माणूस तोच.

पण पाच जणांवर हल्ल्याची जबाबदारी असताना मागे दोघांवर भागत कसं होतं? ऑफसाइडच्या नियमामुळे. चेंडू पुढे ढकलला जातो त्या क्षणी, तो घेणाऱ्या आघाडीवाल्याच्या आणि गोलरेषेच्या मध्ये समोरच्या संघाचे किमान तीन खेळाडू असावे लागत. या तिघांत सहसा एक गोली आणि दोन फुलबॅक. त्यामुळे एक फुलबॅक चार पावलं पुढे सरकला, की त्याच्या मागे गेलेला आघाडीवाला ऑफसाइड ठरे. अंदाज चुकलाच, तर दुसरा फुलबॅक मागे उभा असेच. न्यूकॅसलचा बिल मॅकक्रॅकन या सापळ्यात इतका पटाईत होता, की खेळ सारखा थांबू लागला आणि प्रेक्षक वैतागले.

१९२५ साली नियमातले तीन खेळाडू दोन झाले. बदल एका आकड्याचा, पण बचावाची सगळी घडीच मोडली. आता सापळा फसला, तर आघाडीवाला थेट गोलीसमोर एकटा. इंग्लिश लीगच्या सगळ्या विभागांत मिळून आदल्या मोसमात ४,७०० गोल झाले होते, नव्या नियमाच्या पहिल्याच मोसमात ६,३७३ झाले.

३ ऑक्टोबर १९२५ ला न्यूकॅसलने आर्सेनलला ७-० असं झोडपलं. आर्सेनलचा चार्ली बुकन व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांच्या मागे लागला होता, की सेंटर हाफला मधून काढा आणि दोन फुलबॅकच्या मध्ये उभा करा. त्या पराभवानंतर चॅपमननी ऐकलं. सेंटर हाफ जॅक बटलर मागे आला. मध्ये पडलेलं खिंडार बुजवायला आघाडीतला अँडी नील खाली सरकला. दोनच दिवसांनी आर्सेनलने वेस्ट हॅमला त्यांच्याच मैदानावर ४-० हरवलं.

हळूहळू या मांडणीला ठाशीव रूप आलं. मागे तीन, त्यांच्या पुढे दोन, त्यांच्या पुढे आणखी दोन आणि टोकाला तीन, म्हणजे ३-२-२-३. वरून पाहिलं तर इंग्रजी डब्ल्यू आणि एम ही अक्षरं दिसतात, म्हणून नाव पडलं डब्ल्यूएम. पाच नंबर आता बचावातला झाला. नंतर त्या जागी आलेल्या हर्बी रॉबर्ट्सला लोक ‘पोलीस’ म्हणत. समोरच्या सेंटर फॉरवर्डवर पाळत ठेवायची, बाकी काही नाही. मला विचाराल तर बिचाऱ्याची बढतीच्या नावाखाली बदली झाली होती.

डब्ल्यूएमविरुद्ध डब्ल्यूएम खेळलं, की मैदानभर जोड्या लागत. याने त्याला धरायचं, त्याने याला. ही व्यवस्था तीसेक वर्षं पुरली. मग २५ नोव्हेंबर १९५३ ला हंगेरीचा संघ वेम्ब्लीवर आला. त्यांचा नऊ नंबर, नांदोर हिडेगकुटी, आघाडीवर थांबेचना. तो मागे मधल्या फळीत जाऊन उभा राही. इंग्लंडचा सेंटर हाफ हॅरी जॉन्स्टन पेचात पडला. हिडेगकुटीच्या मागे जावं तर बचावाच्या मधोमध वाट मोकळी होते आणि पुष्काश, कोचिश तिथे घुसतात. जागेवर थांबावं तर हिडेगकुटीला आडवायला कोणीच नाही. हिडेगकुटीने तीन गोल केले, हंगेरी ६-३ ने जिंकली.

यावर उत्तर निघालं ते पाच नंबरला सोबती देण्याचं. मध्ये दोन बचावपटू असले, की एकाने पुढे जावं, दुसऱ्याने राखण करावी. खुद्द हंगेरीचा झकारियाश असाच खाली सरकून खेळत असे. ब्राझीलने हीच चौकडी पक्की केली आणि १९५८ चा विश्वचषक ४-२-४ खेळून जिंकला. माणूस धरण्यापेक्षा आपापला पट्टा राखायचा, ही सवयही अशा चौकडीतच रुजली. पुढचं पटकन सांगता येतं. चारांची बचाव फळी कायम राहिली आणि आघाडीतले एकेक जण मध्ये येत गेले. झगालो खाली आला आणि ब्राझीलचं ४-३-३ झालं, दोन्ही कडांचे विंगर मागे घेतले की ४-४-२. १९७४ च्या डच संघाने जागांची अदलाबदल चालू सामन्यातच करून दाखवली.

आता १० जून २०२३, इस्तंबूल. चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत, मँचेस्टर सिटी विरुद्ध इंटर मिलान. आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजले होते. सिटीकडे चेंडू नसला, की मागे चौघांची सरळ रांग दिसे. चेंडू मिळाला, की त्यातला जॉन स्टोन्स रांग सोडून मधल्या फळीत जाई, रॉड्रीच्या बाजूला, कधी त्याच्याही पुढे. मागे अकांजी, डियाश आणि आके, तिघेच. पेप ग्वार्डिओलांनी ही मांडणी त्या मोसमाच्या उत्तरार्धात बसवली होती. चेंडू पायात असताना तिचं रूप बहुतेक वेळा ३-२-२-३ असं असे, म्हणजे चॅपमनचं डब्ल्यूएमच.

फायदा मोजता येतो. मध्ये चार जणांची चौकोनी जागा तयार होते आणि तिथे समोरचे सहसा तीनच असतात, त्यामुळे पास द्यायला कोणीतरी मोकळा सापडतोच. धोकाही उघड आहे. चेंडू निसटला, की तिघांच्या दोन्ही बाजूंना मोकळं रान. म्हणून चेंडू गेल्या क्षणी आसपासच्यांनी तो हिसकावायला तुटून पडावं लागतं, नाहीतर स्टोन्सला धावत मागे यावं लागतं. त्या रात्री रॉड्रीच्या ६८ व्या मिनिटाच्या गोलवर सिटी १-० ने जिंकली खरी, पण त्यानंतर इंटरच्या दिमार्कोचा हेडर क्रॉसबारला लागला आणि लुकाकूचा हेडर एडरसनच्या पायाला लागून परतला.

पुढचा सामना बघाल तेव्हा पहिली दहा मिनिटं चेंडूवरून नजर काढा. एखाद्या संघाकडे चेंडू असताना त्यांचे मागे किती जण उरतात ते मोजा, आणि चेंडू गेल्यावर पुन्हा मोजा. दोन आकडे वेगळे आले, तर रांग सोडून जाणारा खेळाडू कोण ते शोधा. इस्तंबूलमध्ये तो स्टोन्स होता, आणि त्याच्या पाठीवर नंबर होता ५.