मार्चअखेरचा मेमो: ‘31 मार्चपूर्वी’ म्हणजे नक्की कधी?

मार्च आला, की प्रत्येक ऑफिसात एक मेमो फिरतो. आपल्या एका श्रोत्या मैत्रिणीने तिच्या कंपनीतला पाठवलाय. ती पुण्यात अकाउंट्समध्ये आहे आणि कंपनीची माणसं मशीन बसवायला राज्यभर फिरतात. तिचं म्हणणं, "दरवर्षी हाच मेमो जातो आणि दरवर्षी 31 तारखेला संध्याकाळी अर्धे क्लेम येतात, त्यातले निम्मे बिलांशिवाय. हा नीट लिहून दे." तर आधी मूळ मेमो वाचून दाखवतो.

> सर्व विभागांना कळविण्यात येते की, आर्थिक वर्ष समाप्त होत असल्याने सर्व प्रलंबित खर्चाचे दावे आवश्यक त्या कागदपत्रांसह 31 मार्चपूर्वी लेखा विभागाकडे सादर करण्यात यावेत. विहित मुदतीनंतर प्राप्त झालेल्या दाव्यांचा विचार केला जाणार नाही, याची नोंद घ्यावी.

व्याकरण चोख आहे. भाषा जरा सरकारी आहे, पण माझी तक्रार त्याबद्दल नाही. ‘कळविण्यात येते’ऐवजी ‘कळवतो’ लिहिलं, तरी क्लेम 31 तारखेलाच येणार. कारण वाचणाऱ्याला पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरं यात नाहीतच.

पहिला प्रश्न तारखेचा. ‘31 मार्चपूर्वी’ म्हणजे 30 तारखेपर्यंत, की 31 धरून? ‘पूर्वी’ म्हटलं की 31 बाहेर जाते, ‘पर्यंत’ म्हटलं की आत येते. लिहिणाऱ्याच्या मनात ‘पर्यंत’ असतं, अकाउंट्सला प्रत्यक्षात हवं असतं आठ-दहा दिवस आधी, आणि वाचणारा 31 ची संध्याकाळ धरून चालतो.

आता नागपूरला गेलेला इंजिनीअर घ्या. 29 ला पोचला, 31 ला रात्री परतीच्या गाडीत बसला. रेल्वे 2,330 रुपये, हॉटेल 5,600, टॅक्सी 2,150, जेवण 1,380. एकूण 11,460 रुपये, सगळे त्याच्या खिशातून. त्याने 31 च्या आत क्लेम भरायचा कसा? हॉटेलचं बिलच त्याला 31 ला सकाळी मिळालं. मेमोप्रमाणे पाहिलं तर त्याचे पैसे गेले. काम कंपनीचं आणि फटका ह्याला.

इथे अकाउंट्सची बाजू समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपलं आर्थिक वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च. ज्या वर्षात खर्च झाला, त्याच वर्षाच्या हिशोबात तो दिसायला हवा. बिल हातात कधी आलं, हा वेगळा मुद्दा. म्हणजे नागपूरचा खर्च याच वर्षाचा. पण तो हिशोबात धरायला 31 तारखेला बिल लागतंच असं नाही, त्या दिवशी आकडा लागतो. ‘नागपूर दौरा, साधारण साडेअकरा हजार’ एवढं कळलं तरी अकाउंट्स तेवढ्या रकमेची तरतूद करून ठेवतं. बिल एप्रिलमध्ये आलं, की चाळीस रुपयांचा फरक तिथे मिटवता येतो. जो खर्च कोणी कळवलाच नाही, तो मात्र हिशोबातून निसटतो. उलटंही होतं बरं का! तिकीट मार्चमध्ये काढलं पण प्रवास एप्रिलमध्ये आहे, तर तो पुढच्या वर्षाचा खर्च.

म्हणून या मेमोत एक तारीख पुरत नाही. जुन्या खर्चाला एक आणि शेवटच्या पंधरवड्याला वेगळी, अशा दोन हव्यात.

दुसरा प्रश्न ‘आवश्यक ती कागदपत्रे’. कोणती? हे लिहिणाऱ्याला पाठ असतं, म्हणून तो लिहीत नाही. वाचणारा मोबाइलमधला यूपीआयचा स्क्रीनशॉट जोडतो. स्क्रीनशॉटवरून पैसे कोणाला गेले ते कळतं. कशाचे गेले, ते कळत नाही. हॉटेलचं बिल तर हटकून चुकतं. त्यावर माणसाचं नाव असतं, कंपनीचं नाव आणि जीएसटी नंबर नसतो. मग त्या कराची वजावट कंपनीला घेता येत नाही आणि क्लेम परत येतो. चार दिवसांनी हॉटेलला फोन केला, तर बिल बदलून द्यायला ते का कू करतात. त्यामुळे नंबर चेक-इनलाच द्यायचा, हे मेमोत लिहिलेलं बरं.

शिवाय टीम लीडची मंजुरी. माणूस म्हणतो ‘मी भरला’, अकाउंट्स म्हणतं ‘आमच्याकडे आलाच नाही’. दोघंही खरं बोलत असतात, क्लेम मधल्या माणसाच्या मेलमध्ये पडलेला असतो. त्याच्यासाठीही तारीख हवी.

आणि ती धमकी. मी मैत्रिणीला विचारलं, "उशिरा आलेले क्लेम तुम्ही खरंच नाकारता?" म्हणाली, "नाही रे, साहेबांची सही घेऊन देतोच." मग लिहायचं कशाला? नवीन मुलं घाबरून क्लेमच करत नाहीत, आणि जुनी मंडळी ‘हे दरवर्षीचंच’ म्हणून मेमो उघडत नाहीत. जे खरंच होणार आहे, तेच लिहावं.

तिला दिलेला मसुदा असा. तारखा तिच्याशी बोलून ठरवल्यात, तुमच्याकडे वेगळ्या असतील.

> विषय: 15 मार्चपर्यंतच्या खर्चाची बिलं 20 मार्चपर्यंत द्या
>
> कंपनीच्या कामासाठी तुम्ही खिशातून केलेला जो खर्च परत मिळालेला नाही, त्याचे क्लेम दोन टप्प्यांत घेत आहोत.
>
> 15 मार्चपर्यंत झालेला खर्च: फॉर्म आणि बिलं 20 मार्च, संध्याकाळी 5 पर्यंत द्या. टीम लीडनी 24 मार्चपर्यंत मंजुरी द्यावी. पैसे 31 मार्चपर्यंत खात्यात जमा होतील.
>
> 16 ते 31 मार्चचा खर्च: 30 मार्चपर्यंत फक्त अंदाजे रक्कम कळवा: कुठे, कशासाठी, किती. बिलं 4 एप्रिलपर्यंत चालतील.
>
> काय जोडायचं: हॉटेलसाठी कंपनीचं नाव आणि जीएसटी नंबर असलेलं बिल (नंबर चेक-इनलाच द्या). प्रवासासाठी तिकीट किंवा टॅक्सी अ‍ॅपमधलं बिल. जेवणासाठी हॉटेलचं बिल. यूपीआयचा स्क्रीनशॉट बिलाऐवजी चालणार नाही.
>
> बिल हरवलं असेल तर क्लेम सोडू नका, 20 मार्चआधी अकाउंट्सला फोन करा. मुदतीनंतरच्या क्लेमला विभागप्रमुखांची सही लागेल आणि पैसे एप्रिलअखेर मिळतील.

लांबी वाढली, हे खरं. पण नागपूरच्या गाडीत बसलेल्या माणसाला यात त्याची ओळ सापडते आणि त्याला करायचं काय, तर 30 तारखेला एक मेसेज: ‘नागपूर, मशीन बसवणं, अंदाजे 11,500.’ एवढंच!

मैत्रिणीने विचारलं, पैसे कधी मिळतील ते लिहायलाच हवं का? मी म्हटलं, बाकी काही काप, ते ठेव. बिलं शोधायला बसण्याचं कारण माणसाला त्याच ओळीत मिळतं. अर्थात 31 ला पैसे टाकणं जमणार नसेल, तर जमेल ती तारीख घाला.

आणि हो, मेमो 1 मार्चच्या सुमारास जाऊ द्या, 18 तारखेला नको. पेट्रोल पंपावरच्या त्या गुळगुळीत कागदाच्या पावत्या काही महिन्यांत पुसट होतात. ऑक्टोबरची पावती मार्चमध्ये पाकिटातून काढली, की नुसता पांढरा कागद हातात येतो. बिल वाचता येत नसेल, तर पंपावरून किंवा हॉटेलमधून दुसरी प्रत मागवायला आठवडा-दोन आठवडे हातात हवेत. 18 तारखेला मग ग्रुपवर एकच ओळ टाकायची: ‘15 मार्चपर्यंतची बिलं परवा संध्याकाळी 5 पर्यंत, 31 ला पैसे खात्यात.’