पथदर्शी पोषण-चाचणी : खर्चाचे समर्थन आणि कालपत्रक

आपल्या वैद्यबंधू-भगिनींकडून अनुदानासाठी जाणाऱ्या संशोधन-प्रस्तावांत शास्त्रीय भाग मनःपूर्वक लिहिलेला असतो. ग्रंथाधार, द्रव्यगुण, निदान यांची मांडणी सविस्तर असते. खर्चाचे समर्थन आणि कालपत्रक ही दोन पाने मात्र अखेरच्या रात्री भरली जातात. परीक्षक अनेकदा तीच पाने प्रथम उघडतात, कारण प्रत्यक्ष काम डोळ्यांसमोर आणून प्रस्ताव लिहिला आहे की नाही, हे तेथे लगेच कळते. ही दोन पाने वस्तुतः एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत, असे आमचे मत आहे. ते एका उदाहरणाने स्पष्ट करण्याचा येथे प्रयत्न करीत आहोत.

उदाहरण मीरा-भाईंदर परिसरातील घेऊ. उत्तनचे कोळीवाडे आणि भाईंदरमधील वस्त्या यांतील १८ ते ४५ वयोगटातील, गर्भवती नसलेल्या पांडुरोगी स्त्रिया हा आपला अभ्यासगट. हिमोग्लोबिन प्रति डेसीलिटर ८ ग्रॅम किंवा त्याहून अधिक, परंतु १२ पेक्षा कमी, ही प्रवेशाची अट. ६० स्त्रियांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट करावयाचे. लोहाच्या प्रचलित गोळ्या दोन्ही गटांना मिळतील; एका गटाला त्याखेरीज नाचणी, काळे तीळ, गूळ व तूप यांचा ३० ग्रॅमचा एक लाडू रोज, ८४ दिवस. पथदर्शी चाचणीचा हेतू लाडवाने हिमोग्लोबिन वाढते हे सिद्ध करण्याचा नसतो. ६० स्त्रियांत ते निर्णायकपणे सिद्ध होणारही नाही. स्त्रिया किती वेगाने सहभागी होतात, लाडू खरोखर खातात का आणि अखेरच्या तपासणीस किती येतात, हे तिने सांगावयाचे असते. खर्चाची प्रत्येक बाब या तीनपैकी एका प्रश्नाशी जोडलेली दिसली पाहिजे.

पहिली चूक संख्येत होते. ६० स्त्रिया हव्यात म्हणून ६० तपासण्यांचा खर्च मांडला जातो. शेजारच्या मुंबईत २००६ पासून झालेल्या ‘सारस’ प्रकल्पाचा अनुभव येथे पाहण्यासारखा आहे. पालेभाज्या, फळे व दूध यांपासून केलेला खाऊ गर्भधारणेपूर्वीपासून दिल्यास बाळाचे जन्मवजन वाढते का, हे तेथे तपासले गेले. ६५१३ स्त्रिया सहभागी झाल्या. ज्यांची जन्ममापे प्रत्यक्ष घेता आली अशी बालके होती १३६०. तेथे गर्भधारणेची वाट पाहावयाची असल्याने गळती स्वाभाविक होती. तथापि खर्च प्रवेशद्वारापासून मोजावा लागतो, अखेरच्या आकड्यापासून नव्हे, हे त्यावरून ध्यानात येते.

आपल्या उदाहरणात हा हिशेब उलट्या दिशेने करावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत पांडुरोगाचे प्रमाण ५४ टक्के आढळले. १७० स्त्रियांची बोटाच्या रक्तावर चाळणी-तपासणी केली, तर सुमारे ९२ जणी पुढे येतील. बोटाच्या थेंबावरील आकडा डळमळीत असतो, म्हणून या ९२ जणींचे शिरेतील रक्त प्रयोगशाळेत तपासावे. त्यातून, तसेच गर्भधारणा, अन्य आजार आणि नकार यांमुळे एकतृतीयांश गळतील असे धरले, तर ६० उरतात. म्हणजे चाळणीच्या तपासण्या १७०, शिरेतील रक्ताच्या ९२ आणि अखेरच्या ६०. समर्थनात ही साखळी पाच ओळींत लिहिली, तर ‘६० स्त्रियांसाठी एवढ्या तपासण्या कशाला?’ हा आक्षेप उरत नाही.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे आणि ती कालपत्रकातून जन्मते. लाडू खवट होऊ नयेत म्हणून दर पंधरवड्यास ताजी बॅच करावयाची, असे ठरवू. ८४ दिवस म्हणजे सहा पंधरवडे. म्हणून सहा बॅच, आणि प्रत्येकीची आर्द्रता, जंतुसंख्या व खवटपणा यांची सहा वेळा तपासणी, असा हिशेब मांडला जातो. परंतु सर्व स्त्रिया एकाच दिवशी प्रवेश घेत नाहीत. भरतीस आठ आठवडे लागले, तर शेवटच्या स्त्रीचे बारा आठवडे विसाव्या आठवड्यात संपतील. बॅच दहा होतील. लाडवांची एकूण संख्या २५२०च राहील, शिधाही तेवढाच लागेल. वाढेल तो तपासणीचा व वाहतुकीचा खर्च. एका बॅचच्या तपासणीस ३००० रुपये धरले, तर १८,००० ऐवजी ३०,००० रुपये लागतील. हे प्रस्तावात नसेल, तर अखेरच्या चार बॅच तपासणीविना वाटल्या जाण्याचा धोका संभवतो.

हे वीस आठवडे वर्षात कोठे बसवावयाचे? उत्तनला जून-जुलैत मासेमारी बंद असते. स्त्रिया त्या मानाने सहज भेटतात, म्हणून भरती तेव्हाच करावी असा मोह होतो. परंतु जूनच्या आरंभी सुरू झालेले काम ऑक्टोबरपर्यंत चालते. वाटेत बोटी समुद्रात जाऊ लागतात आणि मासळीच्या बाजाराच्या वेळी घराला कुलूप असते. भाईंदरच्या वस्त्यांत श्रावणाचे सोमवार, गणपती, नवरात्र येतात. नाचणी उपवासाला चालत नाही, तेव्हा लाडू डब्यात राहणार. मे महिन्यात अनेक कुटुंबे गावी जातात. म्हणून दिवाळीनंतर भरती व एप्रिलच्या आरंभी अखेरची तपासणी हा काळ आम्हांस सर्वांत निर्वेध वाटतो. अर्थात संक्रांतीला दुसरा गटही तिळगूळ खाणारच. आहाराच्या नोंदवहीत त्यासाठी रकाना ठेवावा, एवढेच करता येते.

येथे एक पेच आहे. अनुदानाचे कालपत्रक निधी मिळाल्याच्या दिवसापासून ‘महिना १’ असे मोजले जाते, ऋतू मात्र त्याची वाट पाहत नाहीत. एथिक्स कमिटीची मान्यता, महानगरपालिकेशी पत्रव्यवहार, मराठी व हिंदी संमतिपत्रके आणि सीटीआरआय नोंदणी यांस चार महिने धरावेत. ही नोंदणी विनाशुल्क असली, तरी पहिल्या स्त्रीच्या प्रवेशापूर्वीच व्हावी लागते. निधी जूनमध्ये आला तर सर्व जुळते. जानेवारीत आला तर तयारी एप्रिलअखेर संपून दिवाळीपर्यंत थांबावे लागेल. त्यामुळे क्षेत्रसेविकांचे वेतन ‘महिना १’पासून न दाखवता भरतीपूर्वीच्या प्रशिक्षणापासून दाखवावे आणि थांबण्याचा काळ कालपत्रकात उघडपणे लिहावा. तो लपविला, तर पुढे मुदतवाढ मागताना अडचण होते.

सेविका दोन का, हेही कामाच्या मोजणीने सांगावे. सातव्या-आठव्या आठवड्यात सुमारे ५० स्त्रिया चाचणीत असतील. पंधरवड्यास एक गृहभेट धरली, तर आठवड्यास २५ भेटी, शिवाय २१ नव्या चाळणी-तपासण्या. दिवसाला सहा भेटी शक्य मानल्या, तर एकटीचा आठवडा भेटींतच जवळजवळ संपतो. भरती आटोपल्यावर भेटींसाठी एक पुरेल; पण लाडू वाटणाऱ्या सेविकेनेच अखेरची मापे घेऊ नयेत, म्हणून दुसरीला अर्धवेळ ठेवावे.

औषधालयांच्या मालकांसाठी दोन शब्द. लाडू हा आहार आहे. आयुर्वेदिक औषधनिर्मितीच्या परवान्यावर तो करता येत नाही, अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी वा परवाना लागतो. लाडू विनामूल्य देणार असाल, तरी त्यांचे मूल्य अंदाजपत्रकात ‘संस्थेचे योगदान’ म्हणून उत्पादनखर्चाने लिहावे, छापील किमतीने नव्हे, आणि हितसंबंध जाहीर करावा. सहभागी स्त्रियांस इजा झाल्यास उपचार व भरपाई यांची तरतूद कोण करणार, हे त्याच पानावर लिहावे. एथिक्स कमिटी ते विचारतेच, आणि त्या वेळी रक्कम वाढविण्यास वाव उरलेला नसतो.