‘कधीतरी’ नको, ‘गुरुवारी’ म्हणा

शनिवारची रात्र, पावणेदहाची वेळ. दादर स्टेशनच्या पुलावर दोघं निरोप घेतात. तिला ठाण्याची गाडी पकडायची असते, त्याला गोरेगावची. ॲपवर ओळख झाल्यानंतरची ही पहिलीच भेट. साबुदाणा वडा आणि पियूष झालं, मग शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून दोन तास गप्पा झाल्या. एकदाही कोणी घड्याळ पाहिलं नाही. अकराच्या सुमारास त्याचा मेसेज जातो, ‘पोचलीस का?’ उत्तर येतं, ‘हो, आत्ताच. तू?’

इथवर कोणालाच काही अवघड जात नाही. ‘पोचलीस का’ हे आपल्या घराघरातलं वाक्य आहे. आई विचारते, मावशी विचारते, लग्नाहून परतणाऱ्या पाहुण्यांनाही विचारलं जातं. त्यात काळजी असते, पण भेट आवडली की नाही हे त्यातून कळत नाही. ते सांगायचा मेसेज दुसऱ्या दिवशीचा, आणि तोच लिहिताना भल्याभल्यांचा अंगठा स्क्रीनवर अडतो.

अडण्याचं पहिलं कारण म्हणजे थांबावं की नाही हा प्रश्न. ‘लगेच मेसेज केला तर भाव उतरतो, तीन दिवस जाऊ द्यावेत’ हा सल्ला मित्रमंडळींत अजून फिरतो. तो अमेरिकेतला, लँडलाइन आणि आन्सरिंग मशीनच्या काळातला आहे. 1996 च्या ‘स्विंगर्स’ या चित्रपटात नायकाचे मित्र किती दिवस थांबून फोन करावा यावर खल करतात. नायकाला मात्र धीर धरवत नाही. त्याच रात्री तो त्या मुलीच्या मशीनवर एकामागून एक निरोप ठेवत जातो आणि शेवटी तीच फोन उचलून त्याला पुन्हा फोन करू नकोस म्हणून सांगते. त्या प्रसंगात बिघडलं ते लवकर फोन केल्यामुळे नव्हे. उत्तर मिळण्याआधी त्याने पुन्हा पुन्हा बोलणं लादलं, म्हणून बिघडलं. ‘तीन दिवस’वाले हा फरक विसरतात.

थांबण्याच्या बाजूने एका प्रयोगाचाही हवाला दिला जातो. 2011 मध्ये एरिन व्हिटचर्च, टिमोथी विल्सन आणि डॅनियल गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी व्हर्जिनिया विद्यापीठातल्या विद्यार्थिनींना काही तरुणांची फेसबुक प्रोफाइल्स दाखवली. काहींना सांगितलं, की या मुलांना तुम्ही खूप आवडलात. काहींना सांगितलं, ठीकठाक आवडलात. उरलेल्यांना सांगितलं, की नक्की काय ते सांगता येत नाही. ज्यांना नक्की माहीत नव्हतं, त्यांना ती मुलं सर्वांत जास्त आकर्षक वाटली. पण या मुलींची त्या तरुणांशी भेट झालेली नव्हती, कट्ट्यावर दोन तास गप्पा झालेल्या नव्हत्या, आणि कोणी मुद्दाम गप्पही बसलेलं नव्हतं. अनोळखी फोटोबद्दलचं कुतूहल वेगळं. समोर बसून मन मोकळं केलेल्या माणसाने अचानक तीन दिवस गप्प होणं वेगळं.

त्या तीन दिवसांत समोरच्याच्या मनात काय चालतं, याचं उत्तर दुसऱ्या एका अभ्यासात सापडतं. एरिका बूथबी, गस कूनी, जिलियन सँडस्ट्रॉम आणि मार्गारेट क्लार्क यांनी 2018 मध्ये तो प्रसिद्ध केला. अनोळखी माणसांना जोडीने गप्पा मारायला लावल्या आणि नंतर दोघांना वेगवेगळं विचारलं, समोरचा माणूस तुम्हाला किती आवडला, आणि तुम्ही त्याला किती आवडला असाल? आपण जितके आवडलो असू असं लोकांना वाटत होतं, त्यापेक्षा ते प्रत्यक्षात जास्त आवडलेले होते. गप्पा संपल्या की माणूस आपलीच चुकलेली वाक्यं आठवत बसतो, आणि समोरच्याने ती ऐकलीसुद्धा नसतात. म्हणजे ठाण्याच्या गाडीत बसलेली ती आणि गोरेगावच्या गाडीत लोंबकळणारा तो, दोघंही बहुधा एकाच शंकेत असतात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आलेला मेसेज ती शंका मिटवतो. तो दोघांपैकी कोणीही करावा. मुलीने आधी करायचा नाही, हा संकेत आता खुशाल मोडावा.

आता मेसेज लिहायचा कसा? रविवारी सकाळी त्याने लिहिलेले आणि खोडलेले दोन मसुदे बघू.

पहिला होता नुसता ‘हाय, काय करतेस?’ यात कालच्या भेटीचा मागमूस नाही. शिवाय बोलणं पुढे न्यायची सगळी जबाबदारी तिच्यावर. हाच मेसेज ॲपवरच्या कोणाही अनोळखी माणसाचा असू शकतो. त्याच जातीतला, पण त्याहून वाईट प्रकार म्हणजे गुलाबाच्या चित्रावर लिहिलेलं ‘शुभ सकाळ’. तो फॅमिली ग्रुपवरच शोभतो.

दुसरा मसुदा नेमका उलट्या टोकाचा. ‘काल मला पहिल्यांदाच असं वाटलं, की कोणीतरी मला खरंच समजून घेतंय. रात्रभर झोप लागली नाही. तुला आईशी कधी भेटवू असं झालंय. तुलाही असंच वाटलं ना?’ एकूण एक वाक्य खरं असेल, तरी ते तीन तासांच्या ओळखीला पेलत नाही. यातला सर्वांत जड शब्द आहे शेवटचा ‘ना’. ‘वाटलं का?’ विचारलं तर हो किंवा नाही, दोन्ही उत्तरं मोकळी राहतात. ‘वाटलं ना?’ म्हटलं, की होकार गृहीत धरलेला असतो आणि नाही म्हणणाऱ्याला समोरच्याचं मन मोडल्याचा दोष घ्यावा लागतो. प्रेमळ पण गळेपडू नाही असा मेसेज लिहायचा असेल, तर मराठीत ‘ना’च्या जागी ‘का’ घालणं हीच पहिली दुरुस्ती.

शेवटी दुपारी साडेबाराला गेलेला मेसेज असा होता :

‘काल खूप छान वाटलं. नऊ वाजून गेलेले कळलंच नाही. आज खोल पाण्यात गेलीस का मग? गुरुवारी संध्याकाळी परत भेटायला मला आवडेल. जमेल का तुला?’

पाच छोटी वाक्यं. पहिल्यात नुसती भावना आहे. ‘छान वाटलं’, ‘मजा आली’, ‘आवडलं’ या मराठी रचनांचा फायदा असा, की त्या स्वतःपुरतं बोलतात आणि समोरच्याकडे काही मागत नाहीत. ‘तू मला फार आवडलीस’ म्हटलं की लगेच उत्तराची अपेक्षा उभी राहते. ‘छान वाटलं’ म्हटलं तर ती नुसती हसून वाचू शकते. तरी आवडल्याचं लपत नाही.

तिसरं वाक्य सर्वांत मोलाचं. वयाच्या एकतिसाव्या वर्षी ती पोहायला शिकतेय आणि रविवारी सकाळी सर तिला पहिल्यांदा आठ फुटांच्या बाजूला नेणार होते, हे तिने कट्ट्यावर ओझरतं सांगितलं होतं. त्याने ते लक्षात ठेवलं. कॅरन ह्वांग आणि हार्वर्डमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये संभाषणातल्या प्रश्नांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात स्पीड डेटिंगच्या संभाषणांचीही तपासणी होती. समोरचा जे बोलला त्याचाच धागा धरून पुढचा प्रश्न विचारणाऱ्यांना पुन्हा भेटायला होकार जास्त मिळाले होते. दुसऱ्या दिवशीच्या मेसेजमध्ये असा एकच प्रश्न पुरतो. तीन विचारले तर चौकशी वाटते.

चौथ्या वाक्यात वार आहे, आणि इथेच बहुतेक मराठी मेसेज फसतात. संकोचापोटी लोक लिहितात, ‘भेटू परत कधीतरी.’ पण हेच वाक्य आपण रस्त्यात भेटलेल्या जुन्या शेजाऱ्याला म्हणतो, जुन्या ऑफिसातल्या माणसाला म्हणतो, आणि त्याचा अर्थ बहुधा ‘चला, निघतो’ एवढाच असतो. पहिल्या भेटीनंतर ते वाचणाऱ्याला तो सभ्य नकार वाटू शकतो. ‘गुरुवारी संध्याकाळी’ म्हटलं की आमंत्रण खरं होतं. ‘आवडेल’ आणि ‘जमेल का’ यांनी दार उघडं राहतं. त्यापुढे ‘नाही जमलं तरी चालेल, काही प्रेशर नाही, अगदी सहज विचारलं’ अशी शेपूट जोडायची गरज नाही. त्यामुळे उलट घाबरल्यासारखं दिसतं.

थट्टा मात्र जपून करावी. कट्ट्यावर दोघं ज्यावर हसली, तीच टोमणेबाज गंमत अक्षरांत उतरली की चेहरा आणि आवाज गळून पडतात. जस्टिन क्रूगर, निकोलस एपली आणि सहकाऱ्यांच्या 2005 च्या ईमेलवरच्या अभ्यासात, आपला उपरोध वाचणाऱ्याला कळेल असा लिहिणाऱ्यांना भरवसा होता. प्रत्यक्षात वाचणाऱ्यांचे अंदाज नाणं उडवून सांगावं त्यापेक्षा फारसे बरे नव्हते. चूक झालीच, तर व्हॉट्सॲपवर पंधरा मिनिटांत मेसेज दुरुस्त करता येतो. डिलीट मात्र करू नये. ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ ही ओळ मागे उरते आणि ती कोणत्याही चुकीपेक्षा जास्त कोड्यात टाकते.

मेसेज गेला, निळ्या टिका आल्या, दोन तास उत्तर नाही. ही खरी परीक्षा. 2014 पासून या टिकांनी कित्येकांची झोप उडवली आहे. टीक एवढंच सांगते, की मेसेज उघडला गेला. त्या क्षणी ती भाजी घेत असेल, आईशी बोलत असेल, किंवा नीट उत्तर लिहायचं म्हणून थांबली असेल. अशा वेळी पाठवलेलं नुसतं प्रश्नचिन्ह किंवा ‘बिझी आहेस वाटतं’ पहिल्या मेसेजची सगळी ऊब घालवतं.

तिचं उत्तर संध्याकाळी आलं. ‘गेले! पाय टेकत नाहीत कळल्यावर सरांचा हात सोडलाच नाही. गुरुवारी ऑफिसमध्ये उशीर होतो. शनिवारी चालेल?’ हा होकार आहे. ओळखायची खूण ‘शनिवारी’. वार जमला नाही तर ज्याला भेटायचं असतं तो दुसरा वार सुचवतो. नुसतं ‘या आठवड्यात खूप काम आहे’ एवढंच आलं, तर ‘बरं, मोकळी झालीस की सांग’ म्हणावं आणि चेंडू तिच्याकडे राहू द्यावा. उत्तरच आलं नाही, तर चारपाच दिवसांनी एक साधा मेसेज करायला हरकत नाही. त्यानंतर नाही.

ही मर्यादा शिष्टाचारापुरती नाही. स्त्रीने स्पष्टपणे अनिच्छा दाखवल्यावरही जवळीक साधण्यासाठी तिच्याशी वारंवार संपर्क करत राहणं हा पुरुषासाठी गुन्हा आहे. 2013 मध्ये तो भारतीय दंड संहितेत कलम 354-ड म्हणून आला, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये आहे. पहिल्या अपराधाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

एक विनंती मेसेज मिळणाऱ्यांनाही. पुन्हा भेटायचं नसेल, तर गप्प राहून समोरच्याला टिका मोजायला लावू नका. ‘भेटून छान वाटलं, पण पुढे जावं असं मला वाटत नाही. तुला शुभेच्छा,’ एवढं त्याच दिवशी लिहून टाका. लिहायला मिनिटभरही लागत नाही.