स्वयंपाकघरातील इलेक्ट्रॉनिक वजनकाटा चुकतो तेव्हा

घरगुती प्रक्रिया करणाऱ्या बहुतेक कुटुंबांत आता ५ किलो क्षमतेचा, सेलवर चालणारा छोटा काटा असतो. लोणच्यासाठी मीठ मोजणे, मसाल्याचे घटक जोखणे, पापडाच्या पिठात खार घालणे ही कामे त्यावर होतात. हा काटा बंद पडला तर ते लगेच कळते. चुकीचे वजन दाखवू लागला तर मात्र लवकर कळत नाही, कारण आकडा नेहमीसारखाच ठळक उमटतो.

कैरीच्या हंगामात एका बागायतदाराच्या घरून असाच एक काटा आमच्याकडे आला. घरच्या बाई दरवर्षी लोणचे घालतात. त्यांचे प्रमाण ठरलेले आहे, १ किलो फोडींना १५० ग्रॅम मीठ. एका वेळी ३ किलो फोडी आणि ४५० ग्रॅम मीठ असा घाणा त्या घेतात. या वर्षी पहिल्या घाण्याच्या बरणीत पंधरा दिवसांतच फेस आला आणि वर बुरशी धरली. बाईंनी काट्याचे सेल बदलून पाहिले, आकड्यात फरक पडला नाही. मग त्यांच्या यजमानांनी किराणा दुकानातून छापाचे ५ किलोचे वजन आणून काट्यावर ठेवले. काट्याने ४,३५० ग्रॅम दाखविले. माहितीपत्रकात पाहून त्यांनी त्याच वजनावर काट्याचे अंशशोधन, म्हणजे कॅलिब्रेशन, केले. काटा बरोबर ५,००० दाखवू लागला. समाधानाने दुसरा घाणा घातला आणि तो पहिल्यापेक्षा लवकर बिघडला.

असे का झाले हे समजण्यासाठी काट्याच्या आत काय असते ते पाहू. ताटलीखाली बोटाएवढी ॲल्युमिनियमची एक पट्टी असते, तिला लोडसेल म्हणतात. तिचे एक टोक काट्याच्या तळाशी स्क्रूने पक्के केलेले असते आणि दुसरे टोक अधांतरी राहून ताटलीला उचलून धरते. वजन ठेवले की पट्टी किंचित वाकते. हे वाकणे मिलिमीटरच्या काही अंशाइतकेच असते, डोळ्यांना दिसत नाही. पट्टीवर चिकटविलेल्या बारीक तारांच्या जाळ्या त्याबरोबर ताणल्या जातात, त्यांचा विद्युतरोध बदलतो आणि त्या बदलावरून आतील चिप वजन काढते. काटा मोजतो ते पट्टीचे वाकणे. म्हणून पट्टी आणि ताटली यांना खाली जाण्यास मोकळी जागा हवी. ही जागा फार थोडी असते. मोहरीची डाळ, हळद, मीठ आणि गुळाचे पाणी यांचा थर तेथे वाळून बसला की ताटली खाली येताना त्यावर टेकते. टेकल्यानंतर पुढचे काही वजन पट्टीकडे न जाता त्या थरातून थेट तळाकडे जाते. तेवढे वजन काट्याला दिसतच नाही.

या दोषाची खूण अशी की हलके वजन बरोबर येते आणि जड वजन कमी येते. वर सांगितलेल्या काट्याची ताटली साधारण २,४०० ग्रॅमला टेकत होती आणि त्यापुढील वजनापैकी पाऊणच भाग पट्टीकडे पोहोचत होता. आता पहिला घाणा तपासू. बाई ६०० ग्रॅमचे पातेले ठेवून काटा शून्य करीत आणि मग ३ किलो फोडी मोजत. म्हणजे काट्यावर एकूण ३,६०० ग्रॅमचा आकडा होई तेव्हा त्या थांबत. प्रत्यक्षात त्या वेळी वर ४,००० ग्रॅम वजन असे, म्हणजे फोडी ३,४०० ग्रॅम. मीठ मात्र हलके असल्याने नेमके ४५० ग्रॅम मोजले गेले. किलोला १५० ऐवजी सुमारे १३२ ग्रॅम मीठ पडले. बरणी ओली राहिली असेल तर तेही कारण असू शकते, पण मिठाची ही तूट दुर्लक्ष करण्यासारखी नव्हती.

अंशशोधनाने हा दोष गेला नाही, उलट तो मिठाकडे सरकला. अंशशोधनात काटा एकच गोष्ट शिकतो, ती म्हणजे पट्टीच्या अमुक इतक्या वाकण्याला किती ग्रॅम म्हणायचे. ताटली अडलेली असताना त्याला ४,३५० ऐवजी ५,००० म्हणायला शिकविले. मग तो प्रत्येक आकडा सुमारे १५ टक्क्यांनी फुगवू लागला. न अडणाऱ्या हलक्या वजनातही तेवढीच वाढ आली. त्यामुळे काट्यावर ४५० दिसले तेव्हा प्रत्यक्षात जेमतेम ३९० ग्रॅम मीठ होते. म्हणून साफसफाई आधी आणि अंशशोधन शेवटी, हा क्रम मोडू नये.

आपला काटा अडतो आहे का, हे छापाच्या वजनाशिवायही घरी तपासता येते. मिठाच्या १ किलोच्या चार बंद पिशव्या घ्याव्यात. प्रत्येक पिशवी स्वतंत्र मोजून आकडा लिहून ठेवावा. नंतर दोन, तीन आणि चार पिशव्या एकत्र ठेवाव्यात, पण त्या ताटलीबाहेर लोंबून तळाला टेकणार नाहीत याची काळजी घ्यावी. एकत्र वजन हे स्वतंत्र वजनांच्या बेरजेइतके आले पाहिजे, दोन-चार ग्रॅम इकडेतिकडे चालतात. या काट्यावर प्रत्येक पिशवी सुमारे १,१५८ ग्रॅम दाखवीत होती. पिशवीच्या प्लॅस्टिकचे वजन सात-आठ ग्रॅमपेक्षा जास्त नसते, तेव्हा हा आकडा फुगलेला आहे हे उघड होते. चार पिशव्यांची बेरीज ४,६३२ होत होती, पण एकत्र ठेवल्यावर आकडा आला ४,१६४. बेरजेत पडलेली ही तूट म्हणजे ताटली टेकल्याचा पुरावा होय.

कचरा नेमका कोठे आहे हे शोधण्यासाठी पोस्टकार्डाच्या जाडीचा कागद ताटली आणि तळ यांमधील फटीतून चारही बाजूंनी फिरवावा. जेथे तो अडकतो तेथे थर बसलेला असतो. या काट्यात कागद मागील कोपऱ्यात अडला.

साफ करण्यापूर्वी सेल काढून ठेवावेत. काही काट्यांची वरची ताटली नुसती ठेवलेली असते, ती सरळ उचलता येते. काहींची ताटली खालून स्क्रूने बसविलेली असते, तेथे स्क्रू काढूनच ती सोडवावी. फटीत पेचकस घालून ताटली उचकटू नये. पट्टी मोजण्यासाठी इतकी नाजूक ठेवलेली असते की वरच्या दिशेने जोर दिल्यास ती कायमची वाकते आणि मग काटा निकामी होतो. कोरडा थर मऊ ब्रशाने झाडावा. गुळाचा चिकट थर असल्यास घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याने तो दोन-तीन वेळा दमट करून बांबूच्या काडीने खरवडावा. काटा नळाखाली धरू नये आणि आत पाणी ओतू नये. पट्टीच्या मध्यभागी पांढरट किंवा पारदर्शक डिंकासारखे लेपण असते. ती घाण नव्हे, त्याखाली मोजणाऱ्या जाळ्या असतात, तेव्हा ते खरवडू नये. काही काट्यांत पट्टीच्या मोकळ्या टोकाखाली एक छोटा स्क्रू किंवा उंचवटा असतो. जादा वजन पडल्यास पट्टी जास्त वाकू नये म्हणून तो दिलेला आहे. तो फिरवू नये, फक्त त्याच्यावरची फट मोकळी करावी. गुळामुळे मुंग्या येतात आणि त्या आत माती आणून ठेवतात, तीही काढावी. साफ केलेला काटा रात्रभर उघडा वाळवून मगच जोडावा.

आमच्याकडील काट्यात मागच्या कोपऱ्यातून मोहरीची डाळ आणि गूळ यांची वाळलेली खपली निघाली, नखाएवढी. पुन्हा पिशव्या ठेवल्या तेव्हा एक पिशवी पूर्वीप्रमाणे १,१५८ दाखवीत होती, पण चार एकत्र ठेवल्यावर ४,६३२ आले. बेरीज जुळली. अडथळा गेला होता, फक्त चुकीचे शिकविलेले प्रमाण शिल्लक होते. आता अंशशोधनाची वेळ आली.

त्याआधी सेलविषयी थोडे. आकडा चुकला की पहिला संशय सेलवर घेतला जातो, पण कमी झालेल्या सेलची लक्षणे वेगळी असतात. पडद्यावर Lo अशी अक्षरे येतात, आकडे फिकट दिसतात, काटा मध्येच बंद होतो किंवा वजन न हलविता आकडा वरखाली होत राहतो. पट्टीवरील जाळ्यांना आणि चिपला वीज एकाच सेलची मिळत असल्याने दाब थोडा उतरला तरी दोन्हीकडे सारखाच उतरतो व वजनात फरक पडत नाही. म्हणून स्थिर राहणारा पण चुकीचा आकडा सहसा सेलमुळे येत नाही. तरीही अंशशोधनापूर्वी नवे सेल घालावेत आणि नवा-जुना मिसळू नये. पुन्हा भरता येणाऱ्या सेलचा दाब १.५ ऐवजी १.२ व्होल्ट असतो, त्यामुळे काही काट्यांत ते भरलेले असूनही Lo दिसते. हंगाम संपल्यावर सेल काढून ठेवावेत. ते फुटून पत्र्यांवर पांढरी खार धरली असेल तर कापसाच्या बोळ्यावर थोडा लिंबाचा रस घेऊन पुसावी, नंतर दमट आणि मग कोरड्या फडक्याने पुसून वाळू द्यावे.

अंशशोधनाची सोय सर्व घरगुती काट्यांत नसते, हे माहितीपत्रकात पाहावे. ज्यांत असते त्यांत बहुधा एखादे बटण दाबून धरून काटा चालू करतात, पडद्यावर CAL येते आणि मग किती ग्रॅमचे वजन हवे तो आकडा दिसतो. काटा कडक, सपाट जागी ठेवावा, ओट्यावर कापड अंथरलेले असू नये. पंखा बंद करावा. काटा चालू करून काही मिनिटे जाऊ द्यावीत. पडद्यावर मागितलेलेच आणि छापाचेच वजन ताटलीच्या मध्यभागी ठेवावे. पाण्याची बाटली किंवा पिठाची पिशवी येथे चालत नाही, कारण तिच्यातील चूक काटा कायमची शिकतो. आम्ही ५ किलोच्या वजनावर अंशशोधन केले तेव्हा मिठाची पिशवी १,००८ आणि चार पिशव्या ४,०३० ग्रॅम आल्या.

इतके करूनही एकच वजन मध्यभागी आणि चार कोपऱ्यांवर ठेवताना बरेच वेगळे येत असेल, किंवा वजन उचलल्यावर आकडा शून्यावर परतत नसेल, तर पट्टी वाकलेली समजावी. असा काटा दुरुस्त करण्यापेक्षा नवा घेणे स्वस्त पडते.

विक्रीसाठी लोणचे भरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ नुसार व्यापारात वापरायचा काटा तपासून मुद्रांकित केलेला असावा लागतो. असे मुद्रांकन नसलेला स्वयंपाकघरातील काटा घरच्या प्रमाणापुरताच वापरावा, बाटल्या भरताना मुद्रांकित काटा घ्यावा. आणि त्या काट्याचे मोहोर तोडून स्वतः अंशशोधन करू नये, ते काम परवानाधारक दुरुस्तीकाराकडून करून पुन्हा मुद्रांकन घ्यावे लागते.

त्या बाईंनी चार पिशव्यांचे आकडे आता काट्याच्या तळाशी कागदावर लिहून चिकटविले आहेत. त्यांनी तिसरा घाणा घातला तेव्हा फोडी आधी मोजल्या, मीठ नंतर, आणि मधल्या वेळात ताटली उचलून खालून फडके फिरविले.