'कऱ्हाड'चा 'कर्हाड' होतो तेव्हा

इंग्रजीतून मराठीत आणलेले द्राक्षबागेच्या फवारणीचे एक पत्रक माझ्याकडे मांडणीसाठी आले होते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांना ते वाटायचे होते. अनुवादकाच्या फाइलीत मजकूर स्वच्छ दिसत होता. मांडणीच्या प्रोग्रॅममध्ये चिकटवला आणि 'द्राक्ष'चे 'द् राक् ष' झाले, 'कऱ्हाड'च्या मधोमध चौकट उमटली, 'ॲसिड'चे पहिले अक्षरही चौकटीत गेले. पाहताना हा एकच बिघाड वाटतो, पण ती तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिन्हींचे औषधही वेगळे आहे.

पहिले दुखणे जोडाक्षरांचे. संगणकात 'द्रा' हे अक्षर एकसंध साठवलेले नसते. द, हलन्त, र आणि काना असे चार संकेत एकापुढे एक असतात आणि पडद्यावर त्यांची जुळणी प्रोग्रॅम करतो. सगळीच जोडाक्षरे फुटली असतील आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे गेली असेल, तर जुळणी बंद आहे असे समजावे. तोच मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावा. तिथे नीट दिसला, तर मजकूर शाबूत आहे. हाताने एकही अक्षर दुरुस्त करू नये. इनडिझाइनमध्ये परिच्छेदासाठी Adobe World-Ready Paragraph Composer निवडला की जुळणी सुरू होते. नोटपॅडमध्येही अक्षरे फुटलेलीच असतील, तर बहुधा मजकूर पीडीएफमधून उचललेला असतो. पीडीएफमध्ये अक्षरांच्या आकृत्या मुख्य असतात, त्यामागचे संकेत नेहमीच धड मिळत नाहीत. अशा वेळी अनुवादकाकडून मूळ वर्ड फाइल मागवणे हाच जवळचा रस्ता.

दुसरे दुखणे 'ॲ'चे. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा 2008 साली मिळाली. त्याआधी घडवलेल्या फॉन्टात त्याची आकृतीच नसते, म्हणून रिकामी चौकट दिसते. नोटो सान्स देवनागरीसारखा नवा फॉन्ट लावला की ही चौकट जाते. पण चौकटीऐवजी प्रश्नचिन्हे आली असतील, तर मूळ संकेत पुसले गेले आहेत. तिथे फॉन्ट बदलून काही परत येत नाही, मूळ फाइलच पुन्हा उघडावी लागते.

तिसरे दुखणे अस्सल मराठी आहे आणि सर्वांत फसवेही. 'कऱ्हाड', 'साताऱ्यात', 'शेतकऱ्यांनी' या शब्दांतला आडवा अर्धा र हिंदीला लागत नाही. तो दोन रीतींनी लिहिता येतो. एक रीत नुक्त्याचा ऱ आणि हलन्त अशी. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडखूण, म्हणजे U+200D. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. दुसऱ्या रीतीचा मजकूर एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेताना कधी ती खूण चौकट होऊन दिसते, तर कधी 'अनावश्यक' म्हणून गाळली जाते. गाळली गेली की र डोक्यावर चढून रफार होतो: 'कर्हाड', 'सातार्यात', 'शेतकर्यांनी'. चौकट निदान डोळ्याला खुपते, हा रफार मात्र छापून झाल्यावर दिसतो.

म्हणून उपाय नक्कल करण्याआधी, मूळ फाइलीतच करावा. लिबरऑफिस रायटरमध्ये Ctrl+H दाबून Regular expressions वर खूण करावी आणि शोधण्याच्या रकान्यात एकेक ओळ द्यावी:

```
\u0930\u094D\u200D
\u0905\u200D?\u0945
```

पहिल्या ओळीच्या बदली 'ऱ्' टाइप करावे. इनस्क्रिप्ट कळफलकावर Shift+J आणि मग d दाबल्यावर ते मिळते. दुसरी ओळ अ आणि चंद्र वेगवेगळे लिहून बनवलेला 'अॅ' शोधते. तिच्या बदली 'ॲ' द्यावा. एवढे झाले की या शब्दांत गळण्याजोगे अदृश्य काही उरत नाही. मात्र U+200D सरसकट पुसून टाकू नये. तसे केले, तर जो रफार टाळायचा आहे तोच आपल्या हाताने चढवला जातो.

खूण आधीच गळाली असेल, तर यंत्रावर विसंबता येत नाही. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे सह्याद्रीतल्या खोल जागा. दोन्ही शब्द खरेच आहेत. 'र्य' आणि 'र्ह' शोधत एकेका जागी थांबावे लागते. खूण गळालेल्या एका मजकुरात मी तेच केले. 'कार्य', 'सूर्य', 'अर्हता' तसेच ठेवले आणि 'शेतकर्यांनी', 'कर्हाड' बदलले. Replace All एकदाही दाबले नाही.

आता कोणताही मोठा मजकूर चिकटवण्याआधी मी त्या प्रोग्रॅममध्ये एक वाक्य, आडवा र दुसऱ्या रीतीने टाइप करून, टाकून पाहतो: 'साताऱ्याहून कऱ्हाडमार्गे सांगलीला निघालेल्या शेतकऱ्याकडे द्राक्षे आणि ॲल्युमिनियमची पेटी होती.' आडवा र, क्ष, द्र, वेलांटी आणि ॲ एवढे सगळे त्यात येते. हे वाक्य धड उतरले, तर त्यामागचा मजकूरही उतरतो. अडले, तर कुठल्या शब्दावर अडले यावरून तिन्हींपैकी कोणते दुखणे आहे ते कळते.