नोटिशीतला आकडा तपासताना

घरकर्ज थकले की सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) नुसार बँक साठ दिवसांची मागणी नोटीस पाठवते. हप्ते तुंबले म्हणून उरलेले सगळे कर्ज एकदम परत मागणाऱ्या पत्राला रिकॉल नोटीस म्हणतात. दोन्हींत एक मोठी रक्कम छापलेली असते. ती कशी जुळवली हे न तपासता ‘थोडी मुदत द्या’ असे उत्तर लिहिले, तर सगळी रक्कम मान्य असल्याचा अर्थ त्यातून निघू शकतो.

तपासणीला तीन कागद पुरतात: मंजुरीपत्र किंवा कर्जकरार, हप्त्यांचे वेळापत्रक आणि कर्ज घेतल्या दिवसापासूनचा खातेउतारा. नोटिशीतली रक्कम कोणत्या तारखेअखेरची आहे ते आधी पाहावे आणि त्याच तारखेची उताऱ्यातली बाकी तिच्याशेजारी मांडावी. मुद्दल, त्या दिवसापर्यंतचे व्याज, दंड आणि इतर खर्च वेगवेगळे दाखवलेले नसतील, तर तपशील लेखी मागावा. देय रकमेचा तपशील नोटिशीत असावा, असे कलम १३(३) सांगते. उरलेल्या सगळ्या हप्त्यांची बेरीज ‘येणे बाकी’ म्हणून छापली असेल, तर त्यात अजून चढलेलेही नाही असे पुढच्या वर्षांचे व्याज मिसळलेले असते.

तारखांचा हिशेब एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, हप्ता २०,००० रुपयांचा आहे आणि दर महिन्याच्या ५ तारखेला देय आहे. जानेवारी २०२५ पासून हप्ते चुकले, पण २० मार्चला एक हप्त्याएवढी रक्कम भरली गेली. बँकेने २० एप्रिलला नोटीस काढली आणि खाते ५ एप्रिलला अनुत्पादक, म्हणजे एनपीए झाल्याचे लिहिले. ५ जानेवारीपासून नव्वद दिवस मोजले की ५ एप्रिल येते, त्यामुळे वरवर पाहता हे बरोबर वाटते. मात्र मार्चची रक्कम सस्पेन्स खात्यात पडून राहिली होती. ती जानेवारीच्या हप्त्यात जमा धरली, तर सर्वांत जुनी थकबाकी ५ फेब्रुवारीची उरते आणि नव्वद दिवस ६ मेला भरतात. कलम १३(२) ची नोटीस खाते एनपीए झाल्यावरच काढता येते, म्हणून २० एप्रिलची नोटीस वेळेआधीची ठरते. भरलेली रक्कम आधी कशात वळती करायची याचा क्रम करारात दिलेला असू शकतो. तो वाचल्याशिवाय हा आक्षेप घेऊ नये. भरण्याची पावती आणि उताऱ्यातली जमा तारीख सोबत जोडावी.

सर्वांत मोठी तफावत बहुधा दंडात सापडते. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने व्याजदरात भर घालून दंडव्याज लावणे बंद केले. आता फक्त दंडशुल्क आकारता येते, ते मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही आणि हप्ता चुकल्यास ते थकलेल्या रकमेवरच बसते. नव्या कर्जांना हा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला आणि जुन्या कर्जांना त्याच वर्षीच्या ३० जूनपर्यंत लागू करायचा होता. थकलेल्या हप्त्यावर नेहमीचे व्याज मात्र चालूच राहते.

वरच्याच खात्यात १४,६०,००० रुपये बाकी आहे आणि करारात वर्षाला २ टक्के दंड आहे असे धरू. बँकेने तो संपूर्ण बाकीवर १०५ दिवसांसाठी लावला, तर ८,४०० रुपये होतात. प्रत्यक्षात जानेवारीचा हप्ता ७४ दिवस, फेब्रुवारीचा ७४, मार्चचा ४६ आणि एप्रिलचा १५ दिवस थकला होता. हे दिवस मिळून २०९ होतात. २०,००० रुपयांवर तेवढ्या दिवसांचा दंड सुमारे २२९ रुपये भरतो. उताऱ्यात दंडाची नोंद मुद्दलाच्या रकान्यात गेली असेल, तर पुढच्या प्रत्येक महिन्याच्या व्याजातही ती चूक वाढत जाते. म्हणून दंडाची पहिली नोंद शोधून तिथूनच हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

हे आक्षेप कलम १३(३अ) खाली साठ दिवसांच्या आत लेखी द्यावेत. बँकेची रक्कम, आपला हिशेब, फरक आणि त्याचा पुरावा असे चार रकाने केले की मुद्दा स्पष्ट राहतो. मान्य असलेली थकबाकी वेगळी लिहून ती भरण्याची तयारी दाखवावी, कारण फक्त दंड चुकला म्हणून सगळे कर्ज नाकारता येत नाही. बँकेने आक्षेप नामंजूर केला, तर पंधरा दिवसांत कारणे कळवणे तिच्यावर बंधनकारक आहे. तेवढ्या कारणांविरुद्ध मात्र लगेच कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येत नाही. बँकेने ताबा घेण्यासारखे पुढचे पाऊल उचलल्यावर तो मार्ग खुला होतो आणि तिथे हाच लेखी हिशेब कामी येतो.